मावशींच्या जागी छत

हुद्दा: तंत्रसाहाय्यक, मानधनावर. कार्यक्षेत्र: ग्रंथालयाच्या सभागृहाची मागची भिंत व तिच्यालगतचे टेबल. कर्तव्ये: थेट प्रक्षेपण चालवणे, वायरी सांभाळणे, कार्यकारिणीच्या सूचना ऐकून घेणे. विशेष ओळख: सभासद तिला ‘वायरवाली’ म्हणतात, तोंडावरसुद्धा.

तर या वायरवालीने सकाळपासून सगळ्या वायरी तीनदा तपासल्या होत्या. संध्याकाळच्या पाहुण्या होत्या गोष्टीवाल्या मावशी. अख्ख्या गावाची पोरं त्यांच्या गोष्टी ऐकून झोपायला शिकली, त्यांतलीच ही एक. मावशी आता दूरच्या शहरात सुनेकडे होत्या आणि उद्या सकाळी त्यांच्या घशाची शस्त्रक्रिया होती. आवाज राहील की नाही, यावर डॉक्टरांनी फक्त खांदे उडवले होते. कार्यक्रम पुढे ढकलावा, तर पुढे काय उरेल ते कुणीच बोलत नव्हतं.

मावशींना पडद्यावर आणायचं कसं, यावरून चिटणीसांशी तिचं वाजलं होतं. चिटणीसांचा व्हिडिओ मीटिंगवर जीव. मागच्या खेपेला मीटिंगमधून आणलेले वक्ते चौकटीच्या कोपऱ्यात तिकिटाएवढे दिसले, खाली ‘अमुक आत आले, तमुक बाहेर गेले’ अशी दवंडी चालू राहिली आणि ऐन मुद्द्यावर कुणाच्या तरी घरचा कुकर बोलला. म्हणून तिने ब्राउझरमधली लिंक निवडली. मावशींनी लिंक उघडायची, कॅमेऱ्याला आणि माइकला परवानगी द्यायची, बस. दुसरी लिंक वायरवालीच्या प्रक्षेपणाच्या सॉफ्टवेअरमध्ये. तिच्यातून मावशींचं नुसतं चित्र आणि आवाज यायचा, बाकी काही नाही. दुपारी मावशींच्या मोबाइलवरून तालीमही झाली. छान झाली. फक्त मोबाइल हातात थरथरतो, म्हणून संध्याकाळी लॅपटॉप घ्यायचं ठरलं.

प्रक्षेपण सुरू झालं. मंचावर निवेदिका पाहुण्यांची ओळख करून देऊ लागली. वायरवालीने आपल्या पडद्यावर पाहिलं, तर मावशींच्या जागी छत. पांढरं, एका कोपऱ्यात ओल आलेलं. प्रेक्षकांना अजून निवेदिकाच दिसत होती, एवढंच नशीब.

तिने सुनेला फोन लावला. “वहिनी, मावशींचा कॅमेरा वर गेलाय. लॅपटॉप जरा खाली वाकवा.”

“वाकवला.”

छत जागचं हललं नाही.

“अजून.”

“अगं, आता लॅपटॉपच मिटेल.”

तेवढ्यात चिटणीस आले. “मी म्हणत होतो. मीटिंग लावा.”

“काका, दोन मिनिटं.”

“ओळख संपत आली. निवेदिका आता मावशींच्या शाळेतल्या बक्षिसांवर आलीय. त्यानंतर तिला काय, त्यांची जन्मपत्रिका वाचायला लावू?”

तिने एका कानाला फोन आणि दुसऱ्याला प्रक्षेपणाचा हेडफोन धरला. फोनमध्ये मावशींचा आवाज आला, सुनेच्या मागून, “तिला सांग, मी नटूनथटून बसलेय. आरशात दिसते, तिथं का दिसत नाही?” हेच वाक्य हेडफोनमध्येही आलं, पण पुसट, भिंतीपलीकडून आल्यासारखं. समोर बसलेलं माणूस असं लांबून ऐकू येत नाही.

“वहिनी, लॅपटॉपवर काय लिहिलंय? वाचा.”

“हे नाव आधीच वापरात आहे, असं काहीतरी. आम्हाला वाटलं, नाव म्हणजे आईंचं. ते वापरातच आहे की.”

“दुपारचा मोबाइल कुठंय?”

“स्वयंपाकघरात. चार्जिंगला, ओट्यावर उताणा.”

“दुपारचं पान त्यावर उघडंच राहिलंय. एका लिंकवर एकच जण येतो. मावशींच्या आधी मोबाइल येऊन बसलाय. ते पान बंद करा आणि लॅपटॉपवरचं पुन्हा उघडा.”

सुनेच्या चपलांचा आवाज हेडफोनमध्ये जवळ आला. छतावर एक भलामोठा अंगठा आला आणि सगळं काळं झालं.

ते काळंच राहिलं. निवेदिका बक्षिसं संपवून मावशींच्या आवडत्या रंगावर आली. वायरवालीने कशालाही हात लावला नाही. तिच्याकडची लिंक तीच होती, पलीकडचं माणूस आलं की त्याच चौकटीत उमटणार होतं. हे तिला पक्कं माहीत होतं आणि त्याने धीर मुळीच येत नव्हता.

मग चौकटीत मावशी उमटल्या. कानात हेडफोन, अंगावर मोरपंखी साडी.

“वहिनी, फोन मावशींच्या जवळ धरा. मावशी, आमचं प्रक्षेपण तिकडं लावलेलं नाही ना? ते काही सेकंद मागून येतं, तुमचाच आवाज तुम्हाला दोनदा ऐकू येईल.”

“नाही गं. एकदाच पुरे आहे.”

तिने बटण दाबलं. मावशी सभागृहाच्या पडद्यावर आल्या, घसा खाकरला आणि कोल्ह्याची गोष्ट सांगितली, शेवटपर्यंत, कोल्ह्याचा आवाज काढून.

चिटणीसांनी इतिवृत्तात लिहिलं: ‘प्रक्षेपण निर्विघ्न पार पडले. तांत्रिक विभागाचे समाधानकारक सहकार्य लाभले.’ त्या वेळी तांत्रिक विभाग मागच्या जिन्यात बसून रडत होता.