एडक्याची धडक

सांगलीच्या विमा ऑफिसात बिराप्पा तोंडाला उपरणं लावून बसला होता. पुढचे दात मोडले होते, जबडाही फुटला होता. दवाखान्यात ॲडमिट होऊन ऑपरेशन झालं, त्याचे कागद त्यानं आणले होते.

“दातांचा खर्च पॉलिसीत बसत नाही,” साहेब खेकसला. “अपघातानं मोडले आणि त्यापायी ॲडमिट व्हावं लागलं, तरच बसतो. कागदावर अपघात कुठं लिहिलाय? कसे मोडले?”

डॉक्टरांपुढंही बिराप्पानं हे सांगितलं नव्हतं. “दुखत हुतं,” तो गुरगुरला.

“मग नामंजूर!”

शेजारी बसलेली त्याची बायको अंजना कडाडली, “आवं, आपल्याच एडक्यानं हाणलं म्हणून सांगा की!”

सगळं ऑफिस खिदळलं. जन्मभर मेंढरं राखलेल्या माणसाला घरच्याच एडक्यानं लोळवलं, हेच तर त्याला कुणाला कळू द्यायचं नव्हतं.

“हा अपघातच की,” साहेब हसू दाबत म्हणाला. “डॉक्टरांकडून तसं लिहून आणा, एक्स-रे जोडा. पण त्याच ऑपरेशनात किडलेली दाढही काढलीय, तिचा खर्च मिळणार नाही.”

बिराप्पा उठला आणि तोंडावरचं उपरणं त्यानं ओढून काढलं.

“हसा! माजं दात गेलं, तुमचं तरी दिसू द्यात!”