पावतीत नसलेला हप्ता

तासगावात माझं झेरॉक्सचं दुकान आहे. दिवसभर मी लोकांचे अर्ज टाइप करून देते. कुणी संतापून आलं की मीच त्याला पाणी देते आणि सांगते, राग बाहेर ठेवा, तारखा आणि आकडे तेवढे सांगा. लोकांना शहाणपण सांगायला माझ्या बाचं काय जातंय! माझ्यावर वेळ आली तेव्हा मी असा काही अर्ज लिहिला की तो गेला असता तर शाळेनं मला फाटकाच्या आत घेतलं नसतं.

लेक दहावी पास झाली होती आणि तिचा अकरावीचा नंबर सांगलीच्या कॉलेजात लागला होता. प्रवेश पक्का करायला तीन दिवस होते आणि त्यासाठी शाळा सोडल्याचा दाखला लागणार होता. तो मागायला शाळेत गेले, तर खिडकीतल्या क्लार्क मॅडमनी वर्षाच्या फीची एकत्रित पावती काढून हातात दिली. तीनऐवजी दोनच हप्ते जमा. "दुसरा हप्ता बाकी दिसतोय. बाकी असली की दाखला निघत नाही," त्या म्हणाल्या.

पहिला आणि तिसरा हप्ता मी फोनवरून भरला होता. दुसऱ्याच्या वेळी बँकेचं काहीतरी बिनसलं होतं, म्हणून मी रोख पैसे आण्णांकडे दिले होते. आण्णा म्हणजे माझे सासरे. नवरा द्राक्षाच्या गाडीवर ड्रायव्हर, महिन्यातले वीस दिवस बाहेर, त्यामुळे असली कामं आण्णाच करायचे.

घरी येऊन विचारलं, तर म्हणाले, "म्या भरल्यात की पैसं. बाईनं पावती बी दिली."

"मग पावती कुठं आहे?"

त्यांनी सदऱ्याचे खिसे पाहिले, ट्रंक उपसली, गादी उलटी केली. पावती काही मिळाली नाही. खरं सांगते, त्या क्षणी माझा त्यांच्यावर विश्वास बसला नाही. दुसरा हप्ता दिला त्या हिवाळ्यात ते दोनदा भाजी आणायला गेले आणि रिकामी पिशवी घेऊन परत आले होते. एकदा गॅस चालू ठेवून बाहेर जाऊन बसले होते. मला वाटलं, पैसे कुठंतरी पडले असतील, नाहीतर कुणाला तरी देऊन बसले असतील. मी स्वयंपाकघरात जाऊन नवऱ्याला फोन केला आणि म्हटलं, "यापुढं आण्णांच्या हातात पैसे द्यायचे नाहीत." हळू बोलले, पण आमचं घर ते केवढं.

दुसऱ्यांदा पैसे भरायची ऐपत नव्हती असं नाही, उसनंपासनं करून भरले असते. पण मग आण्णांनी पैसे घालवले हे घरात कायमचं ठरून गेलं असतं. तेही नको होतं आणि त्यांच्यावर विश्वासही बसत नव्हता. असल्या वेळी माझा राग सगळ्यात जवळच्या माणसावर निघतो, पण आण्णांवर काढता येईना, म्हणून शाळेवर काढला. मुख्याध्यापकांना दोन पानी अर्ज टाइप केला. 'आम्ही काय फुकटे आहोत काय' हे त्यातलं सगळ्यात सौम्य वाक्य.

लेकीनं तो वाचला आणि शांतपणे म्हणाली, "आई, हा दुसऱ्या कुणी आणला असता तर तू टाइप करून दिला असतास?"

नसता दिला. मग दुसरा लिहिला. विषय, लेकीचं पूर्ण नाव, तुकडी, रजिस्टर नंबर. खाली तीन हप्त्यांच्या तारखा, रकमा आणि कसे भरले ते. फोनवरून भरलेल्या दोन हप्त्यांच्या नोंदी सोबत जोडल्या. दुसऱ्या हप्त्याची पावती गहाळ झाली आहे, तरी कृपया त्या आठवड्याच्या पावतीपुस्तकाची कार्यालयीन प्रत तपासावी आणि दुरुस्त विवरण द्यावं. दुसऱ्या हप्त्यापुढं मी लिहिलं होतं, 'पालकांनी रोख भरले'.

"पालकांनी कुठं भरले?" लेक म्हणाली. "आण्णांनी भरले."

"काय फरक पडतो?"

"भरले ना त्यांनी? मग त्यांचं लिही की."

पोरीनं माझ्या डोळ्यांत बघितलं आणि मला कळलं, स्वयंपाकघरातला फोन हिनं ऐकलाय. मी खोडलं आणि लिहिलं, 'विद्यार्थिनीच्या आजोबांच्या हस्ते रोख भरले'. माझा विश्वास नसताना लिहिलं, हे इथं कबूल करते.

सकाळी अर्ज दिला आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घेतली. दुपारी दुकानात फोन आला, येऊन जा म्हणून. शटर अर्धं ओढलं आणि सुटले.

टेबलावर जुनं पावतीपुस्तक उघडं होतं. मॅडम म्हणाल्या, "तुमच्या मुलीच्या नावाची आणखी एक मुलगी आठवीत आहे. नाव तेच, आडनाव तेच, वडलांचं नाव तेवढं वेगळं. ही पावती कॉम्प्युटरवर चढवताना तिच्या नावावर चढली."

"मग एवढे दिवस कुणाला कळलं कसं नाही?"

"कमी पडलं की सगळे येतात. जादा जमा झालंय म्हणून कोण सांगायला येतंय?" मग त्यांनी कार्बनच्या निळ्या अक्षरांवर बोट ठेवलं. "पावतीवर वडलांचं नाव आणि इयत्ता लिहायची राहिली, ती आमची चूक. नुसत्या नावावरून ही पावती कुणाची ते ठरेना. पण तुमच्या अर्जात 'आजोबांच्या हस्ते' लिहिलं होतं म्हणून इथं बघितलं."

पावतीच्या तळाशी 'हस्ते' छापलेलं होतं आणि पुढं आण्णांचं पूर्ण नाव होतं, त्याच्या पुढं 'आजोबा'.

मला इतकं हलकं वाटलं की मी तिथंच बाकावर टेकले. रडूही आलं. मॅडमना वाटलं दाखल्याच्या काळजीनं आलं, म्हणाल्या, "अहो, दाखला उद्या मिळेल." त्यांनी मुख्याध्यापकांची सही घेऊन नोंद फिरवली. दुरुस्त विवरणात तिन्ही हप्ते आले आणि 'बाकी' या रकान्यात शून्य आलं. मी त्या निळ्या पावतीची झेरॉक्सही मागून घेतली.

घरी आण्णा ओट्यावर बसले होते. विवरण आणि पावती त्यांच्या हातात दिली. चष्मा लावून त्यांनी पावती वाचली, मग पुन्हा पहिल्यापासून वाचली.

"म्हंजी म्या खरंच भरलं व्हतं?" त्यांनी मला विचारलं.

मला वाटलं होतं ते ऐकवतील, बघ, सांगत हुतो का न्हाई. ते ऐकवतच नव्हते. ते विचारत होते. दोन दिवस माझं तोंड बघून बघून त्यांनी स्वतःवरचा विश्वास सोडला होता.

"व्हय आण्णा, भरले होते. चूक शाळेची होती." मग म्हटलं, "आणि माझी. मी तुमच्या लेकाला फोन करून वाईट बोलले तुमच्याबद्दल."

"ऐकलंय म्या," ते म्हणाले. "मलाबी वाटलं, सूनबाईचंच खरं असंल. लय भ्यालो हुतो गं पोरी. पैशाचं न्हाई. म्हटलं, डोस्कं गेलं आपलं."

मी त्यांच्या पाया पडले. ते म्हणाले, ऊठ, च्या टाक. चहा होईपर्यंत त्यांनी नातीला बोलावून ती पावती तिसऱ्यांदा तिच्याकडून मोठ्यानं वाचून घेतली.

दुसऱ्या दिवशी दाखला आणायला मी गेले नाही. रिक्षाचे आणि दाखल्याचे पैसे आण्णांकडे दिले आणि लेकीला त्यांच्यासोबत पाठवलं. त्यांनी पैसे माझ्यासमोर मोजले, खिशात ठेवले आणि नातीच्या पुढं चालायला लागले.