चिखलात उतरतो कोण?

आमच्या उपकेंद्राची आशाताई नर्मदा हिला अकरा वर्षांत मी एकदाच रडताना पाहिलं, तेही संतापाने. मी तिथली आरोग्यसेविका, त्यामुळे तिच्या वाट्याचा अर्धा ताप माझ्याही डोक्याला असतो.

मालवणच्या आतल्या बाजूला आमची वाडी. भाताची लावणी सुरू झाली की लेप्टोची साथ ठरलेली. उंदराचं मूत शेताच्या पाण्यात मिसळतं आणि पायाला चीर असली की तिथून रोग अंगात शिरतो. म्हणून शेतात उतरणाऱ्यांना आठवड्यातून एकदा प्रतिबंधक गोळी द्यायची. नर्मदा ती घरोघर जाऊन, जेवण झालंय का विचारून, समोर उभी राहून गिळायला लावते. तिला चुकवायला लोक मागच्या दाराने माडात पळतात, आणि ही तिथेही तांब्या घेऊन हजर असते.

यंदा जुलैत वाडीतल्या वडीलधाऱ्या दाजींनी देवळात बैठक बोलावली. दाजी मुंबईत बँकेत होते, आकड्यांना पक्के. त्यांनी नर्मदाचीच नोंदवही उघडली.

"गोळी घेणारे ऐंशी. त्यातल्या चार जणांक लेप्टो झालो. न घेणारे दोनशे वीस. त्यातले फक्त पाच पडले. म्हणजे गोळी घेणाऱ्यांक दुपटीपेक्षा जास्त. आकडे माजे नाय, हिच्या वहीतले आसत."

आकडे खरे होते, हेच तर डोकं उठवणारं. खोटे असते तर खोडता आले असते. "गोळयेनच ताप येता" हे वाक्य संध्याकाळपर्यंत साऱ्या वाडीत झालं. दुसऱ्या दिवशी नर्मदाला ऐंशीपैकी तीसच दारं उघडी मिळाली. दाजींची सून स्वप्ना शेतात कामाला पहिली असे. तीही म्हणाली, "मामंजी नको म्हणतत, गो." गोळ्यांचं पाकीट माझ्या टेबलावर आपटून नर्मदा रडली ती तेव्हाच. नंतर नाक पुसून म्हणाली, "बाई, माका दोन दिवस द्या."

दोन दिवस ती पुन्हा तीनशे जणांकडे फिरली. या वेळी प्रश्न एकच, चिखलात उतरतो कोण? लोक वैतागले, कुणी कुत्रा सोडला. पण उत्तर निघालं. गोळी न घेणाऱ्या दोनशे वीसमध्ये दोनशे जण चिखलात पायच घालत नव्हते: दुकानवाले, रिक्षावाले, तारकर्लीला लॉजवर कामाला जाणारे, म्हातारेकोतारे. त्यांच्यात लेप्टो शून्य. उरलेले वीस शेतात राबणारे, पण गोळी चुकवणारे. पाचही रोगी त्या विसांतले. गोळी घेणारे ऐंशीच्या ऐंशी मात्र चिखलातले. म्हणजे चिखलातल्यांपुरतं बोलायचं तर गोळी घेऊन विसात एक, न घेता चारात एक.

ती दाजींच्या ओट्यावर गेली, मी सोबत होते.

"दाजीनू, पावसात रस्त्यार बघा. भिजलेल्यांच्या हातात छत्री आसता. घरात बसलेले कोरडे, तेंच्या हातात छत्री नाय. मग छत्रेन माणूस भिजता काय?"

"तू माका शिकवतंस?" दाजी म्हणाले.

"शिकवतंय. चिखलात जातत म्हणान गोळी घेतत, आणि चिखलात जातत म्हणानच आजारी पडतत. ताप चिखलाचो, नाव गोळयेचा."

दाजींनी कागद घेतला, चष्मा लावला, दोनदा बेरीज तपासली. बेरीज बरोबर होती. तरी म्हणाले, "बघूया." शिकलेल्या माणसाचं हे 'बघूया' अडाण्याच्या 'नाय'पेक्षा वाईट. अडाण्याला निदान पुन्हा विचारता येतं. वाडीतले बरेच जण गोळीवर परतले. दाजींचं बघणं चालूच राहिलं, आणि सून गोळीविना लावणीला जात राहिली.

तिसऱ्या आठवड्यात स्वप्नाला ताप आला, डोळे लाल झाले आणि पोटऱ्या इतक्या दुखल्या की उभं राहवेना. नर्मदाने घरच्यांशी न बोलता रिक्षा बोलावली. मूत्रपिंडावर आलं होतं, म्हणून ओरसच्या जिल्हा रुग्णालयात हलवलं. चार दिवस कुणालाच काही सांगता येत नव्हतं. पाचव्या दिवशी बंद पडलेली लघवी सुरू झाली आणि डॉक्टर म्हणाले, वाचली.

दाजी बाहेरच्या बाकावर बसून होते, चार दिवसांत दाढीचे पांढरे खुंट वाढलेले. नर्मदा डबा घेऊन आली तसे म्हणाले, "मी गोळी बंद केलंय म्हणानच हिका झाला ना?"

मला वाटलं, आता ही साठवलेलं सगळं काढणार. मी असते तर काढलं असतं.

"ता माका सांगूक येवचा नाय," नर्मदा म्हणाली. "गोळी घेवनपण चौघे पडलेच. हीपण तेंच्यात आसती काय, कोण सांगात? एकावरसून ठरत नाय, दाजीनू."

दाजींचा चेहरा जरा सैल झाला. "मग माजा चुकला नाय?"

"चुकला," ती म्हणाली, आणि डबा उघडून त्यांच्यापुढे ठेवला. "विसातलो एक सोडून चारातलो एक तुमी तिच्यासाठी निवडलात. जेवा आता."