एका किल्लीची मारामारी

हौशी नाटकवाल्यांकडे बक्षिसं कमी आणि किस्से जास्त साठतात. आमचा परभणीचा ग्रुप पाच-सहा जणांचा. प्रत्येकाची नोकरी-धंदा वेगळा, तालीम रविवारी सकाळी एका शाळेच्या हॉलमध्ये. यंदाचे सगळे किस्से मात्र एकाच मारामारीचे आहेत, आणि तीही स्टेजवर जेमतेम दीड मिनिटाची!

आमचे दिग्दर्शक सोळंके सर, रिटायर्ड चित्रकला शिक्षक. मागच्या वर्षी स्पर्धेत आमच्या मारामारीला अख्खं थिएटर हसलं होतं. सरांनी दोन महिने कुणाचा फोन घेतला नाही. यंदा त्यांनी पहिल्याच तालमीला सांगितलं, "स्पर्धेआधी तीन प्रयोग करू. गंगाखेड, जिंतूर, पोखर्णी. तिन्हीपैकी एका ठिकाणी तरी ही मारामारी कुणी न हसता बघितली पाहिजे. न्हाई तर मी थांबलो. नाटक बास."

सर चेष्टेत बोलत नाहीत. आम्ही घाबरलो.

* * *

नाटक दोन भावांचं. विहीर एक, मोटारीच्या स्टार्टरच्या पेटीला कुलूप, आणि किल्ली आईच्या लोखंडी ट्रंकेत. ज्याच्या हाती किल्ली, त्याच्या उसाला आधी पाणी. थोरला भाऊ बाबाराव, हा एरवी विमा एजंट. धाकटा मी, औषधाच्या दुकानात असतो. आई म्हणजे अंगणवाडीतल्या सुनंदाताई.

बाबारावनं मारामारी स्वतःच बसवून आणली होती. उडी, लाथ, गिरकी, परत लाथ. आम्ही घाम गाळून करून दाखवली. सरांनी चहा घेऊन आलेल्या शाळेच्या शिपाईमामांना विचारलं, "मामा, किल्ली कुणाकडं हाय?"

"कोणती किल्ली?" मामा म्हणाले.

सर म्हणाले, "झालं. ह्यांना भांडण दिसलं, पण कशासाठी ते दिसलंच न्हाई."

* * *

मग सरांनी खडू काढला. चित्रकलेचा माणूस! फरशीवर डावीकडे दार, मधोमध बाज, उजवीकडे ट्रंक. "किल्ली घेऊन दाराबाहेर गेला तो जिंकला. म्हणजे धाकट्याला उजवीकडून डावीकडं जायचंय, अन् थोरल्याला मधे उभं राहायचंय. बघणाऱ्याला कुठल्याही क्षणी कळलं पाहिजे, दाराच्या जवळ कोण हाय."

प्रत्येक तालमीत मामांना चहाबरोबर मधेच विचारलं जायचं, "आता कोण जवळ?" मामा चुकले की आमची जागा बदलायची. पाच-सहा रविवारांत बाबारावच्या सगळ्या लाथा गळून पडल्या. बाबाराव फार हळहळला. उरली एक थप्पड, एक गचांडी आणि ट्रंकेचं झाकण.

गचांडीची गंमत अशी, की धरणारा काहीच करत नाही. बाबाराव माझी कॉलर नुसती पकडायचा. त्याचं मनगट मी दोन्ही हातांनी माझ्या छातीशी दाबून ठेवायचो, आणि ओढला जायचो तो माझ्याच पायांनी. लोकांना वाटायचं तो मला फरफटवतोय. पहिल्या दिवशी बाबारावनं खरोखर ओढलं आणि माझ्या नव्या शर्टाची तीन बटणं गेली. सर म्हणाले, "ज्याला मार बसतो, सूत्रं त्याच्या हातात. आधी एकमेकांच्या डोळ्यात बघा, मग हात उचला." तेव्हापासून प्रत्येक प्रयोगाआधी ही मारामारी एकदा निम्म्या वेगानं करायची, असा नियमच झाला.

* * *

गंगाखेड. थप्पड अशी बसवली होती: माझी पाठ प्रेक्षकांकडे, बाबारावचा हात माझ्या गालापासून वीतभर लांबून जाणार, आणि आवाजासाठी मी छातीशी टाळी वाजवणार. समोरून बघाल तर कानाखाली जाळ.

पण तिथलं स्टेज उघडं, आणि माणसं तीन बाजूंनी बसलेली! हे कुणाच्या लक्षातच आलं नाही. थप्पड झाली, आवाज सणसणीत आला, आणि डाव्या बाजूला बसलेली एक बाई शेजारणीला शांतपणे म्हणाली, "अगं, टाळी तर त्यानंच वाजवली."

अख्खं मैदान हसलं. येताना गाडीत सर एवढंच बोलले, "थप्पड काढा. नुसतं ढकला."

* * *

जिंतूरला मारामारी सुरेख झाली. ट्रंकेतून किल्ली काढायला थोरला हात घालतो, आणि धाकटा रागाच्या भरात झाकण आपटतो. झाकणाच्या कडेला आतून आम्ही लाकडी ठोकळा बसवलेला, म्हणजे चार बोटं फट राहतेच. हात त्या फटीत सुरक्षित. आवाज विंगेतून सुनंदाताई फळी आपटून काढायच्या. प्रेक्षकांतून "आई गं" ऐकू आलं. मी मनात म्हटलं, जिंकलो.

दुसरा अंक सुरू झाला. थोरल्याचा उजवा हात कायमचा निकामी झालेला. सुनंदाताईंनी चहाचा कप पुढे केला, आणि बाबारावनं तो उजव्या हातानं घेऊन फुर्रकन प्यायला.

मागून एक काका म्हणाले, "बरं झालं, लवकर गुण आला."

सगळे हसले. आम्ही सरांना म्हटलं, हे हसू दुसऱ्या अंकातलं, हे धरू नका. सर म्हणाले, "मारामारी झाकण पडल्यावर संपत न्हाई. त्यानंतर त्याला शर्टाची बटणं कोण लावणार, तिथून ती सुरू होते. हे हसू मारामारीचंच."

आता उरलं फक्त पोखर्णी.

* * *

सरांनी बाबारावला शिक्षा दिली. आठ दिवस उजवा हात गळ्यातल्या झोळीत. घरी, बाजारात, धंद्यावर, सगळीकडे. बाबारावनं निमूटपणे ऐकलं. नाटक बंद पडलं तर सर घरात बसून खंगतील, हे त्यालाही कळत होतं.

चौथ्या दिवशी सासुरवाडीहून मोसंबीची पिशवी घेऊन माणसं आली. सहाव्या दिवशी एक गिऱ्हाईक पॉलिसीचे कागद बाजूला सारून म्हणालं, "साहेब, आधी तुमचा क्लेम पास होऊ द्या. मग आमी सही करतो." आठव्या दिवशी बाबाराव डाव्या हातानं भांग पाडायला शिकला होता, तोही सरळ.

* * *

पोखर्णीला प्रयोग दुपारी झाला. माणसं परत तीन बाजूंनी. मी ट्रंकेकडे, बाबाराव मधे, माझ्या मागे दार नाही, त्याच्या मागे आहे, हे सगळ्यांना दिसत होतं. ढकलाढकली. गचांडी. आम्ही बाजेभोवती अर्धा वळसा घेतला आणि जागा उलट झाल्या: दार आता माझ्याजवळ, ट्रंक त्याच्याजवळ. मी पळून जाऊ शकत होतो, पण किल्ली ट्रंकेत. त्यानं हात घातला. मी परत धावलो. झाकण.

कुणी हसलं नाही. दुसऱ्या अंकात मी त्याची बटणं लावताना तर कुणी खोकलंही नाही. नाटक संपलं तेव्हा सर स्टेजमागे भिंतीकडे तोंड करून उभे होते.

नंतर गावकऱ्यांनी जेवायला बसवलं. वरण-भात, वांग्याची भाजी. बाबाराव भुकेला, बाह्या सरसावून बसला. प्रयोगाला अगदी पुढे बसलेली एक म्हातारी वाढायला आली. तिनं त्याच्या पानात भात घातला, वरण ओतलं, आणि पुढे जायच्याऐवजी खाली बसली. स्वतःच्या हातानं भात कालवला, भाजी जवळ सरकवली आणि त्याच्या डाव्या हाताशी चमचा ठेवला.

"खा बाबा," ती म्हणाली. "सावकाश."

बाबारावनं तिच्याकडे बघितलं, मग समोर बसलेल्या सरांकडे. उजवा हात हळूच मांडीखाली सरकवला आणि चमचा डाव्या हातात घेतला.

मी माझ्या भाताला हात घालणार, तेवढ्यात म्हातारी माझ्याकडे वळली.

"तू थांब," ती म्हणाली. "आधी त्याचं होऊ दे."

मी थांबलो. सरही हातातला घास खाली ठेवून थांबले.