फोटोवाल्याची आभाराची चिठ्ठी

मुलीचं लग्न झाल्यावर आठवड्याने फोटोवाल्याचं बिल व्हॉट्सॲपवर आलं. सोबत आभाराची चिठ्ठी होती. पहिल्यांदाच काम दिलंत, विश्वास ठेवलात वगैरे. पुढे लिहिलं होतं, ‘कन्यादान करताना आईबाबांचे डोळे भरून आले, तो फोटो अल्बमच्या पहिल्या पानावर घेतोय.’

माझं डोकंच फिरलं. बायको गेल्या वर्षी गेली. एकट्याने कन्यादान करायचं नाही म्हणून पाटावर माझा धाकटा भाऊ आणि भावजय बसले. मी मुलुंडच्या त्या हॉलमध्ये खांबाशी उभा होतो.

फोन लावला. “अरे, बाप मी आहे. पाटावर होते ते तिचे काका-काकू.”

“सॉरी काका. खांबाशी उभे होते ते तुम्ही?”

“मग काय भूत होतं?”

संध्याकाळी त्याने एक फोटो पाठवला. नवरीचं लक्ष विधीकडे नाही, म्हणून त्याने तो बाद केला होता. मुलगी मान वळवून माझ्याकडे बघत होती, आणि मी खाली मान घालून चष्मा पुसत होतो. तिने पाहिलेलं मला कळलंच नव्हतं.

मी त्याला लिहिलं, पहिल्या पानावर हा घाल.