कॅन्टीनमागची माती

मिलानजवळच्या एका औषध कंपनीत ऑर्नेलाबाई एकतीस वर्षं मातीतले जीवाणू वाढवून नवं प्रतिजैविक शोधत होत्या. त्यांचे साहेब, डॉक्टर गावाझी, दर सुट्टीत परदेशातून पिशवीभर माती आणत आणि नव्या औषधाचं नाव विमानातच ठरवून टाकत. यंदा माती मादागास्करची होती. यंत्रानं अर्क तपासून सांगितलं, स्ट्रेप्टोथ्रिसिन.

"हे माझ्या आईच्या लग्नाआधीच सापडलंय, डॉक्टर," बाई म्हणाल्या. "प्रयोगशाळेतल्या बशीत वाढणारे जीवाणू जगभर तेच ते. बाकीचे बशीत जगतच नाहीत."

"मग त्यांना घरी जाऊन भेटायचं का?"

"हो."

बाईंनी कॅन्टीनमागची माती पाण्यात इतकी पातळ केली, की बारीक भोकं पाडलेल्या प्लास्टिकच्या पट्टीच्या एकेका भोकात जेमतेम एक जीवाणू पडावा. दोन्ही बाजूंना सूक्ष्म छिद्रांचा पडदा लावून पट्टी त्याच मातीत पुरली. अन्न आत झिरपत होतं, जीवाणू अडकून होते. महिन्याभरात काही वाढले, नंतर बशीतही रुळले. एकाच्या अर्कानं जंतू मारले, आणि तो आजवर सापडलेल्या प्रतिजैविकांच्या यादीतल्या कशाशीच जुळला नाही.

औषध व्हायला अजून बरीच वर्षं होती. गावाझींनी मात्र त्याच दुपारी त्याला स्वतःचं आडनाव दिलं आणि अहवालात "दुर्गम परिसरातील माती" असं लिहिलं. बाईंनी ते खोडून "कॅन्टीनमागे, कचऱ्याच्या डब्यांजवळ" असं केलं आणि खाली सही ठोकली.