फळ्यावरचे सहाशे

अमरावतीत राजापेठेत, एका मेडिकलच्या वरच्या हॉलमध्ये, मी बायकांचा डान्स फिटनेसचा क्लास घ्यायचे. त्या वर्षांत कापसाचं काही खरं नव्हतं. ज्या घरांची दुकानं शेतकऱ्यांच्या जोरावर चालायची, तिथल्या बायका सगळ्यात आधी क्लास बंद करायच्या. त्यांना धरून ठेवायला मी एक युक्ती काढली. तास संपला की फळ्यावर प्रत्येकीच्या कॅलरी लिहायच्या.

हिशोब सोपा होता. व्यायाम किती जोराचा आहे त्याचा एक आकडा असतो, मेट. स्वस्थ बसलेल्या माणसाचा मेट एक. हा आकडा गुणिले वजन गुणिले तास, की झाल्या कॅलरी. माझ्या कोर्सच्या तक्त्यात उड्या मारत जोरात नाचण्याला सात पूर्णांक तीन मेट होते, आणि पाय जमिनीवर ठेवून हळू नाचण्याला पाच. मी सरसकट सगळ्यांना सात पूर्णांक तीन लावायचे. मोठा आकडा दिसला की बायका दुसऱ्या दिवशी येत.

एक नवीन बाई आली. पस्तिशीची, वजन ब्याऐंशी किलो, शुगरची गोळी चालू. नवऱ्याचं बी-बियाण्यांचं दुकान होतं. पहिल्या दिवशी फळ्यावर तिच्या नावासमोर सहाशे आले. तीन वर्षं न थांबता नाचणारी आमची एक जुनी बाई छप्पन्न किलोची. तिचे चारशे नऊ.

"मॅडम, मी सगळ्यायच्या वर?" नवीन बाईनं विचारलं. चेहरा असा फुलला होता, की मी फक्त हसले.

खरं म्हणजे ती अर्धा तासही नाचत नव्हती. दोन गाणी झाली की भिंतीला टेकायची, मग जागच्या जागी पाय हलवत उभी राहायची. मी ते रोज समोरून पाहत होते.

दोन महिन्यांत वजन अर्धा किलोही उतरलं नाही. एक दिवस तिची सासू जिना चढून वर आली. सून दाराशी खाली मान घालून उभी.

"मॅडम, हे रोज सहाशे जाळते म्हन्ते. घरी मी मोजून दोन पोळ्या देतो. मंग वजन काहून नाही उतरून राहिलं?"

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण हॉलमध्ये बाकीच्या बायका ऐकत होत्या. मी म्हणाले, "घरच्या खाण्यावर जरा लक्ष ठेवा."

सासूनं सुनेकडे पाहिलं. "म्या म्हनलं नवतं? चोरून खाते हे."

त्यानंतर सून आणखी सुकल्या तोंडानं यायला लागली. पंधरा दिवसांनी येणंच थांबलं. जुन्या बाईकडून कळलं ते असं : सकाळची पोळी तिनं आपणहून सोडली होती, गोळी मात्र चालू होती. क्लासहून घरी गेली, चहा गाळताना शुगर एकदम उतरली आणि गॅसवरच्या भांड्यासकट कोसळली. उजवा हात कोपरापर्यंत भाजला. दवाखान्यातून माहेरी, अकोल्याला नेलं होतं.

त्या दुपारी मी खरा हिशोब मांडला. पंचवीस मिनिटं पाच मेटनं : एकशे एकाहत्तर. पस्तीस मिनिटं उभं राहणं, पाय हलवणं, दोन मेटनं : शहाण्णव. एकूण दोनशे सदुसष्ट. त्यातल्या ब्याऐंशी तर घरी नुसत्या बसूनही जळाल्या असत्या. जुन्या बाईचा आकडा जवळपास बरोबर होता. ती खरंच तासभर उड्या मारायची. खोटा होता तो नवीन बाईचा.

कागद घेऊन मी अकोल्याला गेले. ती ओसरीवर बसली होती, हात मांडीवर, बोटं आत वळलेली. मी सगळं सांगितलं. आकडा चुकून आला नव्हता, मी जाणून लावला होता, हेही सांगितलं.

तिनं डाव्या हातानं कागद जवळ ओढला.

"म्हन्जे मी खात नवतो?"

"नाही, ताई."

"मले वाटे, मी झोपेत उठून खात असन," ती म्हणाली. "राती डब्यायले दोरी बांधून ठेवो मी. सकाळी गाठ तशीच राहे. तरी वाटे."

मला तिथं बसवेना. तिच्या आईनं आणलेलं पाणी मी घेतलं नाही.

परतल्यावर मी तिच्या सासरी गेले. सासूला तोच हिशोब वाचून दाखवला.

"हे त्या दिवशी काहून नाही सांगितलं तुमी?" तिनं एवढंच विचारलं.

मी कागद तिच्याजवळच ठेवून उठले. सासू त्या रविवारी सुनेला आणायला गेली. सून आली नाही. पुढेही नाही.